निरोपाच्या भाषणातून सत्कारमूर्तींसाठी कार्डाचा मजकूर कसा काढावा

सेवापूर्ती सोहळ्यात एखादे भाषण फार चांगले होते, कोणीतरी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले असते आणि चार-आठ दिवसांनी सहकाऱ्यांच्या मनात येते की यातले मोजके शब्द सुंदर कार्डावर छापून सत्कारमूर्तींना घरी नेऊन द्यावेत. येथपर्यंत सगळे सोपे असते. अडचण सुरू होते ती चौदा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यातून साठ ते नव्वद शब्द काढायला बसल्यावर. बहुतेक वेळा मग भाषण बाजूला राहते आणि ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख’ अशा विशेषणांची ओळ कार्डावर जाते, जी कोणत्याही कार्यालयातल्या कोणत्याही माणसाला चालली असती. भाषणात जे खरे सापडलेले असते ते कार्डापर्यंत कसे न्यावे, हे मी येथे एका उदाहरणाच्या आधाराने सांगणार आहे.

उदाहरण पंचवटीतले आहे. पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेले एक व्हॉल्व्हमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, यांचा निरोप समारंभ ३१ मे २०२४ रोजी झाला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका फिटरने चौदा मिनिटे भाषण केले आणि त्याचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे कार्डाच्या मजकुरासाठी आले.

मुद्रण हाती घेताना

पहिले काम मूळ फाइल मिळवण्याचे. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेले मुद्रण दाबून लहान केलेले असते आणि त्यात आवाजाचाही दर्जा उतरतो. म्हणून ज्याने मुद्रण केले त्याला ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे किंवा फोनवरून थेट उतरवून घ्यावे. त्याची एक प्रत अलग ठेवून द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर काम करावे. त्याच समारंभाचे दुसऱ्या कोणी केलेले मुद्रण मिळते का, हेही विचारावे. सभागृहात मागे बसलेल्याच्या फोनमध्ये स्पीकरचा घुमणारा आवाज येतो आणि शब्दांचे शेवट गिळले जातात, तर पहिल्या रांगेतल्या फोनमध्ये चित्र हललेले असले तरी शब्द स्वच्छ असतात. कार्डासाठी आपल्याला चित्राशी कर्तव्य नाही. अण्णांच्या वेळी तीन मुद्रणे मिळाली आणि सर्वात उपयोगी ठरले ते हार-तुऱ्यांच्या टेबलावर विसरून राहिलेल्या एका फोनमधले.

येथे एक खबरदारी नाशिककडच्याच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकांच्या कामाची आहे. नोंदीत १ जून ही जन्मतारीख असलेला कर्मचारी ३१ मे रोजी निवृत्त होतो, आणि शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख लावून दिलेल्यांची एक मोठी पिढी आपल्याकडे आहे. त्यामुळे त्या दिवशी एकाच व्यासपीठावर दोघातिघांचा निरोप एकत्र होतो. अण्णांच्या सोबत कार्यालयातल्या एका लिपिकांचाही सत्कार होता. वक्ता बोलता बोलता ‘या दोघांनी’ म्हणतो, मग पुन्हा एकाकडे वळतो, आणि ऐकणाऱ्याला कोणते वाक्य कोणाविषयी आहे ते कळेनासे होते. अशी वाक्ये आधीच ओळखून बाजूला काढावीत. दोघांना मिळून केलेली स्तुती एकाच्या कार्डावर आली, तर दुसऱ्याला ती खटकल्याशिवाय राहत नाही.

ऐकणे

पहिल्यांदा संपूर्ण भाषण कानाला हेडफोन लावून, काहीही न लिहिता ऐकावे. दुसऱ्यांदा ऐकताना हाताशी कागद घ्यावा आणि फक्त वेळ टिपावी: कितव्या मिनिटाला काय आले. सगळे भाषण शब्दशः उतरवण्याची गरज नसते. एका मिनिटाचे बोलणे नीट उतरवायला चार-पाच मिनिटे सहज जातात, आणि त्यातले निम्मे ‘व्यासपीठावरील मान्यवर’ आणि ‘वेळेअभावी’ यांच्यातच खर्च होतात. शब्दशः उतरवायचे ते आपण निवडलेले दोन किंवा तीन तुकडे. ते मात्र अडखळणे, पुनरुक्ती, सगळ्यासकट उतरवावेत, कारण सुधारणा करण्याचा मोह याच वेळी होतो आणि मग वक्त्याचा शब्द कोणता व आपला कोणता हे आपल्यालाच आठवत नाही.

तुकडे निवडायचे कसे? मी दोन खुणांवर भर देतो. एक, वक्ता विशेषण सोडून क्रियापदावर येतो ती जागा, म्हणजे ‘ते फार प्रामाणिक होते’ हे संपून ‘ते काय करायचे’ असे सुरू होते ते ठिकाण. दुसरी खूण सभागृहाची: टाळ्या कुठे पडल्या हे फारसे कामाचे नसते, पण कुजबुज आणि खुर्च्यांचा आवाज कुठे थांबला ते लक्षपूर्वक ऐकावे. अण्णांच्या भाषणात टाळ्या पुराच्या प्रसंगाला पडल्या होत्या. शांतता पडली ती साडेनवाव्या मिनिटाला, आणि तेथले बोलणे असे होते:

‘आम्ही नवीन लागलो ना, तेव्हा आम्ही चावी फिरवली की चहाला. अण्णा काय करायचे, अण्णा चढावर जायचे. वर. पार शेवटच्या घरापर्यंत. आम्ही म्हणायचो, अहो अण्णा, पाणी सुटलंय की. तर म्हणायचे, सुटलंय ते माहीत आहे, पोचलंय का ते बघतो.’

त्यानंतर वक्ता काही क्षण थांबला आणि पुढे म्हणाला, ‘ती चावी आता माझ्याकडं दिलीय त्यांनी. दांडीला फडकं गुंडाळलेलं आहे. थंडीत लोखंड हाताला लागू नये म्हणून. ते मी काही काढत नाही.’

व्हॉल्व्हची चावी म्हणजे खिशातली किल्ली नव्हे. कमरेपर्यंत उंचीची, वर आडवी दांडी असलेली लोखंडी सळई, जी रस्त्याखालच्या चेंबरमध्ये सोडून दोन्ही हातांनी फिरवावी लागते. नाशिकची जानेवारीतली पहाट ज्याने अनुभवली आहे, त्याला त्या फडक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

निवड

आता कसोटी एकच लावायची. प्रत्येक वाक्यातून अण्णांचे नाव काढून त्या दिवशी निवृत्त झालेल्या लिपिकांचे नाव घालून पाहायचे. ‘त्यांनी आयुष्यभर निष्ठेने सेवा केली’ हे वाक्य जसेच्या तसे उभे राहते, म्हणजे ते कार्डावर नको. ‘पोचलंय का ते बघतो’ हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या नावावर बसत नाही, म्हणजे कार्ड त्याच्याभोवती बांधायचे. ही कसोटी लावल्यावर चौदा मिनिटांच्या भाषणातून माझ्याकडे चार गोष्टी उरल्या: शेवटच्या घरापर्यंतची फेरी, चावीचे फडके, पुराच्या वेळचा प्रसंग आणि कुंभमेळ्यांतले काम.

चारही घ्याव्यात असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि विशेषतः पूर वगळू नये असा आग्रह होता. पूर आला असता गढूळ पाणी नळांत शिरू नये म्हणून अण्णांनी बुडालेला चेंबर पायाने चाचपून शोधला आणि व्हॉल्व्ह बंद केला, ही हकिकत खरोखरच मोठी आहे. तरीही ती कार्डाचा गाभा करू नये असे माझे मत पडले. नव्वद शब्दांत दोन प्रसंग सांगायला गेले की दोन्ही बातमीसारखे होतात. शिवाय पुराची रात्र एकदा आली, चढावरची फेरी मात्र रोज पहाटेची होती. माणूस कसा होता हे रोजच्या गोष्टीतून अधिक कळते. म्हणून पुराला एका वाक्यात जागा द्यायची आणि बाकीचे सगळे त्या फेरीला, असे ठरले.

वगळायच्या गोष्टींपैकी काही वक्त्याच्या प्रेमातूनच आलेल्या असतात, म्हणून त्या ओळखायला थोडे धैर्य लागते. अण्णांना बढती वेळेवर मिळाली नाही असे वक्ता एकदा म्हणून गेला होता. व्यासपीठावरून ते ऐकताना सहानुभूती वाटते, पण कार्ड वर्षानुवर्षे दिवाणखान्यात राहते आणि पाहुण्यांनी वाचावे अशी ती तक्रार नव्हे. अण्णांच्या आजारपणाचा उल्लेखही तसाच. पंपघरात लागलेल्या डुलकीवरून केलेला विनोद सभागृहात सर्वांना, अण्णांनाही, आवडला होता; मात्र आवाज आणि चेहरा गेल्यावर कागदावर त्या विनोदाची नुसती ठपक्याची बाजू उरते. बोलण्यातला विनोद कार्डावर नेताना तो घरच्या माणसाला वाचून दाखवावा आणि तो हसला नाही तर काढून टाकावा.

पडताळणी

भाषण करणारा माणूस आठवणीतून बोलत असतो आणि त्याच्या चुकांवर कोणी बोट ठेवत नाही. छापील कार्डावर तीच चूक ठळक दिसते, तीही ज्याला सर्व काही अचूक माहीत आहे त्याच्या डोळ्यांपुढे. म्हणून निवडलेल्या तुकड्यांतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव तपासावे.

आमच्या वक्त्याने अण्णांनी ‘तीन कुंभमेळे काढले’ असे म्हटले होते. अण्णा १९९३ साली रुजू झाले. नाशिकचे सिंहस्थ १९९१–९२, २००३–०४ आणि २०१५–१६ असे आले, म्हणजे त्यांच्या नोकरीत दोनच बसतात. विचारल्यावर उलगडा झाला की पहिल्या सिंहस्थात अण्णा नोकरीत नव्हते, पण त्या वेळच्या आठवणी ते सांगत असत आणि वक्त्याच्या मनात तिन्ही एक झाले. पुराबाबतही असेच झाले. भाषणात ‘२००८ च्या ऑगस्टमधला पूर’ असे आले होते. २००८ चा मोठा पूर सप्टेंबरातला; ऑगस्टमध्ये आलेले पूर २०१६ आणि २०१९ चे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पुराचे मोजमाप ठेवणाऱ्या आपल्या लोकांच्या आठवणीत वर्षे आणि महिने सहज सरमिसळ होतात. तेव्हा प्रसंग नेमका कोणत्या पुरातला हे त्या रात्री सोबत असलेल्या दोघांना वेगवेगळे विचारले. दोघांनीही २००८ च सांगितले. मग कार्डावर फक्त वर्ष ठेवले आणि महिना गाळला, कारण त्या वाक्याला महिन्याची आवश्यकता नव्हती.

रुजू झाल्याची तारीख सेवापुस्तकावरून किंवा स्वतः सत्कारमूर्तींच्या घरून घ्यावी. कार्ड त्यांना अनपेक्षित द्यायचे असेल तर मुलाला किंवा सुनेला विचारता येते, आणि त्याच फोनमध्ये नावाचे अचूक लेखनही विचारून घ्यावे: आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, पत्नीचे नाव घालायचे की नाही. अवतरणाचीही पडताळणी होते. ‘बघतो’ की ‘बघून येतो’, यावर दोन सहकाऱ्यांत मतभेद होता. आम्ही भाषणात जे ऐकू आले तेच ठेवले आणि ते छापायला वक्त्याची संमती घेतली.

बोलण्यातून लिहिण्याकडे

भाषण सभेला उद्देशून असते, म्हणून त्यात अण्णा ‘ते’ असतात. कार्ड अण्णांना उद्देशून असते, म्हणून सगळे मजकूर द्वितीय पुरुषात आणावे लागतात. येथे मराठीत एक पेच पडतो, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आदर दाखवायचा म्हणून आपण सहज ‘आपण’ लिहितो, पण ‘आपले’, ‘आपल्या’ या रूपांचा अर्थ ‘तुमचे’ असाही होतो आणि ‘आपणा सर्वांचे’ असाही. ‘आपल्या विभागाला आपली आठवण येत राहील’ हे वाक्य पाहा: विभाग कोणाचा आणि आठवण कोणाची, हे दोन्ही संदिग्ध आहे. कार्ड वरिष्ठांनी किंवा संस्थेच्या वतीने दिले जात असेल आणि ‘आपण’ अपरिहार्य असेल, तर ‘आपले’ ही रूपे जितकी टाळता येतील तितकी टाळावीत. रोज एकत्र चहा घेणाऱ्या सहकाऱ्यांनी मात्र सरळ ‘तुम्ही’ लिहावे. त्यात अनादर नाही आणि अर्थ स्वच्छ राहतो. एकदा निवडलेले रूप शेवटपर्यंत पाळावे. पहिल्या वाक्यात ‘आपण’ आणि तिसऱ्यात ‘तुमचे’ अशी कार्डे मी पुष्कळ पाहिली आहेत.

क्रियापदांचाही प्रश्न आहे. ‘ते जायचे’ याचे ‘तुम्ही जायचात’ होते. रोजच्या सवयीसाठी हे रूप अतिशय योग्य आहे, कारण ‘तुम्ही गेलात’ म्हटले की ती एकदाची गोष्ट होते. लिहिताना अकारण ग्रांथिक होऊन ‘आपण गमन करीत असत’ असे करू नये. भाषणातले साधे शब्द त्यांच्या जागी राहू द्यावेत.

कार्डाची स्वतःची वाक्ये लेखी मराठीत, म्हणजे ‘सोडले’, ‘वाटले’ अशी असावीत. पण अवतरणातले बोलणे जसे बोलले गेले तसेच, ‘सुटलंय’, ‘पोचलंय’ असे शीर्षबिंदू देऊन लिहावे. बोलणे दाखवताना असे लेखन शुद्धलेखनाच्या नियमांना धरूनच आहे. त्या अवतरणाचे ‘पाणी सुटले आहे हे मला ज्ञात आहे’ असे शुद्धीकरण केले असते, तर अण्णा तेथून निघूनच गेले असते.

‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ हा शब्दप्रयोग कार्यालयीन आदेशातला आहे, तो तेथेच शोभतो. शेवटी निरोगी व दीर्घायुषी जीवनाच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही, हे ज्याच्या त्याच्या रीतीवर आहे. द्यायच्या असतील तर एका छोट्या वाक्यात द्याव्यात, म्हणजे प्रसंगाच्या शब्दांची जागा जाणार नाही.

माझ्या पहिल्या मसुद्याचे शेवटचे वाक्य असे होते: ‘शेवटच्या घरापर्यंत आता आम्ही सगळे जातो.’ वाचायला ते फार चांगले वाटत होते. तो मसुदा मी भाषण करणाऱ्या फिटरला दाखवला, तेव्हा त्याने मान हलवली. ‘असं लिहू नका. मी जातो. बाकीच्यांचं मी कसं सांगू?’ ते वाक्य मी तत्काळ काढले. कार्डावर देणाऱ्यांच्या वतीने जे विधान करायचे ते त्यांच्यापैकी प्रत्येकाला खरे म्हणता आले पाहिजे. सत्कारमूर्ती त्या सगळ्यांना ओळखत असतात. फडक्याचे मात्र सर्वांना ठाऊक होते आणि ते तेथे होतेच.

अखेर तयार झालेला मजकूर असा:

अण्णा,

व्हॉल्व्हची चावी फिरवून पाणी सोडले, की आमचे काम झाले असे आम्ही समजत होतो. तुम्ही मात्र चढ चढून गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत जायचात. कोणी हटकले तर म्हणायचात, ‘सुटलंय ते माहीत आहे, पोचलंय का ते बघतो.’

१९९३ पासून एकतीस वर्षे, दोन सिंहस्थांच्या गर्दीत आणि २००८ च्या पुरानंतरच्या दिवसांतही, तुमचा हा शिरस्ता मोडला नाही.

तुमची चावी आता आमच्याकडे आहे. थंडीत हाताला लोखंड लागू नये म्हणून तुम्ही दांडीला गुंडाळलेले फडके आम्ही सोडलेले नाही.

तुमचे सहकारी
नाशिक, ३१ मे २०२४

छपाई

हा मजकूर सुमारे सत्तर शब्दांचा आहे आणि ए-५ आकाराच्या घडीच्या कार्डाच्या आतल्या उजव्या पानावर चौदा पॉइंटच्या अक्षरात मोकळा बसतो. निवृत्त होणाऱ्या व्यक्तीला आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवायही वाचता यावे, म्हणून अक्षर यापेक्षा बारीक करू नये. मजकूर मावत नसेल तर वाक्य कमी करावे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा वर आणि उकार खाली जातात, त्यामुळे ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना भिडतात.

प्रेसमध्ये फाइल देताना सर्वाधिक घोळ फॉन्टमुळे होतात. आपण मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप करतो. कित्येक प्रेसमध्ये मराठीसाठी अजून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात, आणि आपला मजकूर त्यात रूपांतरित होताना जोडाक्षरे मोडतात. प्रूफ आल्यावर प्रथम ‘व्हॉल्व्ह’, ‘सिंहस्थ’, ‘आमच्याकडे’ असे शब्द पाहावेत. मजकुरात ‘दुसऱ्या’ किंवा ‘गावकऱ्यांनी’ असेल तर अर्धा ‘ऱ्’ टिकला आहे का ते मुद्दाम तपासावे, कारण रूपांतरात तो हमखास हरवतो. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसत असतील, तर फॉन्ट बदलायला किंवा मजकुराची भाषा मराठी निवडायला सांगावे. प्रूफ कागदावरच मागावे आणि ते ज्याने भाषण ऐकलेले नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आमच्या प्रूफमध्ये ‘पोचलंय’ चे ‘पोचलय’ झाले होते; मी स्वतः तीन वेळा वाचूनही ते माझ्या नजरेतून सुटले आणि प्रेसमध्ये चहा घेऊन आलेल्या मुलाच्या वाचण्यात अडखळल्यामुळे सापडले.

कार्ड देताना मूळ मुद्रण एका पेनड्राइव्हमध्ये घालून पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर ‘साडेनवावे मिनिट’ असे पेनने लिहून द्यावे. अण्णांच्या घरी त्या संध्याकाळी नातवाने ते टीव्हीला लावले आणि बरोबर त्याच ठिकाणी नेऊन सर्वांना ऐकवले.